धूळ घराबाहेर की पुन्हा घरातच?
(ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यातील भाषण)



आपल्या वाशीमची धूळ काही नवीन नाही. उन्हाळ्यात काळी माती उडते, दिवाळीच्या आधी सोयाबीनची मळणी सुरू झाली की पिठासारखा बारीक भुसा खिडकीतून आत येतो. आमच्या सौ.ला दम्याचा त्रास. म्हणून झाडणे बंद करून मी व्हॅक्युम क्लीनर आणला. तो घेताना मात्र फसलो.

मी पाहिले फक्त वॅट. चौदाशे वॅट म्हणजे जोरदार, असा माझा हिशोब. पण वॅट म्हणजे मोटर किती वीज खाते तो आकडा. ओढ किलोपास्कलमध्ये सांगतात. तीसुद्धा नळीचे तोंड बंद ठेवून मोजलेली असते. आपल्या कामाची ओढ ती, जी पिशवी अर्धी भरल्यावरही टिकते.

माझ्या मशीनला कापडी पिशवी होती. बारीक धूळ कापडाच्या विणीत बसली की हवा अडते आणि ओढ पडते. मग पिशवी गच्चीवर नेऊन झटकायची, म्हणजे अर्धी धूळ आपल्याच नाकात! त्यातून सौ.चा खोकला वाढला. एके संध्याकाळी दिवे घालवून मशीनच्या मागे टॉर्च धरला, तर हवेबरोबर धुळीचा धूर बाहेर पडताना स्पष्ट दिसला. जाड कचरा आत राहत होता, दम्याला त्रास देणारी बारीक धूळ घरभर फिरत होती.

दुसऱ्या वेळी मी घरच्या धुळीची पुडी खिशात घालूनच दुकानात गेलो. दुकानदार हसला, पण सतरंजीवर धूळ टाकून मशीन चालवू दिले. मागे टॉर्च धरला. काही दिसले नाही. त्यात दुपदरी, तोंड बंद होणारी, भरली की फेकून द्यायची पिशवी होती आणि हवा बाहेर पडते तिथे एच-१३ दर्जाचा हेपा फिल्टर. हा फिल्टर अगदी बारीक कणही ९९.९५ टक्के अडवतो. पण झाकणाचे रबर सैल असेल तर हवा फिल्टरला वळसा घालून निघते, म्हणून टॉर्चची परीक्षा हवीच. बिनपिशवीचे डबेवाले मशीन स्वस्त पडते, पण डबा रिकामा करताना धूळ उडते. दम्याच्या घरात ते नको.

शेवटचा प्रश्न बँकेच्या सवयीचा: मुद्दल कळली, व्याज किती? पिशव्या आणि फिल्टर गावात मिळतात का, आणि बिघडले तर मेकॅनिक घरी येतो की मशीन अकोल्याला न्यायचे? पिशव्यांचे एक पाकीट त्याच दिवशी मागा. "मागवून देतो" असे उत्तर आले तर दुसरा ब्रँड पाहा. पिशवी मिळाली नाही की माणूस जुनीच फाडून, झटकून वापरतो आणि सगळे मुसळ केरात!

आता पिशवी भरण्याची वाट न पाहता ओढ कमी झाली की मी ती बदलतो. मशीन चालू असताना सौ. त्याच खोलीत बसून पेपर वाचते. माझ्यासाठी तीच पावती.