रात्री धडधाकट, पहाटे मेलेलं करडू

आज शेळ्यांच्या एका रोगाबद्दल बोलायचं आहे. डॉक्टर त्याला आंत्रविषार म्हणतात, दवाखान्यात नुसतं ‘ईटी’ असंही ऐकायला मिळेल. हा रोग पुष्कळदा आजारी पडायलाही वेळ देत नाही. संध्याकाळी करडू उड्या मारत असतं आणि पहाटे दावणीला ताठ झालेलं सापडतं. मग घरात पहिला शब्द निघतो तो ‘कुणीतरी विष घातलं.’

नातेपुत्याजवळच्या एका वस्तीवर असंच झालं. आषाढातले दिवस होते. माउलींची पालखी नातेपुत्यात मुक्कामाला आली होती, घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. शेळ्यांना रानात न्यायला कुणाला सवड नव्हती, म्हणून दोन दिवस सगळ्या गोठ्यातच बांधल्या. लहान-मोठी मिळून अठरा जनावरं. उपाशी राहायला नकोत म्हणून ताईंनी करडांपुढे मक्याचे दाणे टाकले आणि उरलेला भात-भाकरीही घातली. तिसऱ्या दिवशी पहाटे सगळ्यात मोठा, पाच महिन्यांचा बोकड मेलेला दिसला. दुपारी दुसरं करडू एकाएकी ओरडायला लागलं, आडवं पडलं, पाय झाडू लागलं, मान मागे टाकली आणि तासाभरात गेलं. दोन्ही पुरून टाकली. आठवड्यापूर्वी यांच्या शेळ्या शेजाऱ्याच्या मक्यात शिरल्या होत्या आणि बांधावर भांडण झालं होतं. त्यामुळे संशय त्याच्यावरच गेला. चौथ्या दिवशी उजाडता तिसरं करडू मेलं, तेव्हा घरातली माणसं पोलिसांत जायला निघाली होती. सुनेनं मात्र आधी डॉक्टरांना फोन लावला, म्हणून मला हे बघायला मिळालं.

शवविच्छेदन म्हटलं की आपण लगेच पोट फाडायचं समजतो. तसं करायचं नसतं. आधी नाक, तोंड, गुदद्वार बघायचं. तिथून न गोठणारं काळं रक्त येत असेल, तर फाशी म्हणजे अ‍ॅन्थ्रॅक्सची शंका घ्यायची आणि ते जनावर अजिबात उघडायचं नाही, कारण तो रोग माणसाला होतो. इथे तसं रक्त नव्हतं. तरी कानाच्या शिरेतून थेंबभर रक्त काचेवर घेऊन तपासलं आणि मगच करडू उघडलं.

कोठीपोट मक्यानं गच्च भरलेलं होतं. लहान आतडं लालभडक, आत पातळ, रक्ताळलेलं पाणी. हृदयाभोवती एक पातळ पिशवी असते, तिच्यात पिवळसर पाणी साठलेलं होतं आणि हवा लागल्यावर थोड्या वेळात त्याचा जेलीसारखा गोळा झाला. फुप्फुसं पाण्यानं जड झाली होती, श्वासनळीत फेस होता. मूत्राशयातल्या लघवीत पट्टी बुडवली तर साखर दिसली. मूत्रपिंड बोटानं दाबलं की मऊ लागत होतं.

या मऊ मूत्रपिंडावर फार विसंबू नका. मेंढीत ही खूण चांगली दिसते, शेळीत पुष्कळदा दिसत नाही. शिवाय मेलेलं जनावर उन्हात पाच-सहा तास पडलं तर रोग कोणताही असो, मूत्रपिंड मऊ पडतंच. म्हणून डॉक्टरांना लवकर बोलवायचं आणि तोवर मढं सावलीत ठेवायचं. पक्कं निदान होतं ते आतड्यातल्या द्रवात विष सापडलं तर. आतड्याचा तुकडा दोन्ही टोकांना बांधून बर्फात ठेवून प्रयोगशाळेत पाठवतात. नुसता जंतू सापडून भागत नाही, कारण तो निरोगी शेळीच्या आतड्यातही थोडाफार असतोच. विषबाधेची शंका होती म्हणून कोठीपोटातला चारा वेगळ्या बरणीत बंद करून पाठवला. अहवालात आतड्यातल्या जंतूचं विष निघालं, बाहेरचं विष नाही.

हे विष येतं कुठून? जंतूचं नाव क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स, त्यातला ‘डी’ प्रकार. एरवी चारा पुढे सरकत राहतो, त्याबरोबर हे जंतू आणि त्यांचं थोडं विष बाहेर पडून जातं. पण एकदम भरपूर दाणा पोटात गेला की सगळा कोठीपोटात जिरत नाही, पिठूळ भाग तसाच लहान आतड्यात उतरतो. जंतूंना तीच मेजवानी. ते झपाट्यानं वाढतात, विष तयार होतं आणि आतड्यातल्या पाचक रसानंच ते जहाल होतं. रक्तात गेलं की बारीक रक्तवाहिन्या झिरपायला लागतात. हृदयाभोवतीचं आणि फुप्फुसातलं पाणी त्यातलंच. मेंदूलाही सूज येते, म्हणून ते ओरडणं आणि पाय झाडणं. आता लक्षात येईल की सगळ्यात दांडगं करडूच आधी का गेलं. दुसऱ्यांना ढकलून जास्त मका त्यानंच खाल्ला होता.

पहिल्या पावसानंतरचं कोवळं गवत, किंवा काढणी झालेल्या शेतातली कणसं एकदम भरपूर मिळाली तरी असंच होऊ शकतं. मोठ्या शेळीत रोग जरा सावकाश चालतो. शेण पातळ होतं, त्यात रक्त आणि आतड्याची सालं पडतात, शेळी दोन-चार दिवस कण्हते. अशी शेळी औषधानं कधी वाचते, पण पाय झाडणारं करडू सहसा हाती लागत नाही.

त्या दिवशी उरलेल्या पंधरा जनावरांचा दाणा पूर्ण बंद केला, नुसता कडबा ठेवला आणि सगळ्यांना लस टोचली. लशीचा गुण यायला दोन आठवडे तरी लागतात, तोवर जनावरं सांभाळली ती कडब्यानंच. नंतर दाणा सुरू केला तो भरडून, मूठभरापासून, आठ-दहा दिवसांत वाढवत. मढं खोल खड्ड्यात चुना टाकून पुरलं. शेळीचा विमा असेल तर पुरण्याआधी कानातला बिल्ला आणि शवविच्छेदनाचा दाखला जपायला विसरू नका.

आता लशीचं. ‘आम्ही तर लस दिली होती’ असं पुष्कळ जणी सांगतात. विचारलं की कळतं, ती पीपीआरची होती. ती वेगळी, ही वेगळी. किंवा ईटीचीच होती, पण एकच टोचणी झालेली. पहिल्यांदा देताना दोन टोचण्या लागतात, मध्ये दोन ते तीन आठवडे. पहिलीनं शरीराला नुसती ओळख होते, खरी ताकद दुसरीनं येते. पुढे दरवर्षी पावसाळ्याआधी, मे महिन्यात एक. पण या लशीचा जोर शेळीत मेंढीपेक्षा लवकर ओसरतो. म्हणून बकरी ईदसाठी बोकडांना खुराक चालू असेल तर सहा महिन्यांनी पुन्हा टोचून घ्यावी, असं माझं मत आहे. मात्रा बाटलीवर लिहिलेली असते तेवढीच, कातडीखाली. टोचल्या जागी गाठ येते ती काही दिवस राहते, तिला चोळू नका.

बाटली बर्फाच्या डब्यातून आणायची, पण गोठू द्यायची नाही. फ्रीजच्या वरच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवलेली लस फुकट गेली असं समजा. भरण्याआधी हलवून घ्या, औषध तळाशी बसलेलं असतं.

गाभण शेळीला वेताच्या महिनाभर आधी टोचली तर चिकातून करडाला संरक्षण मिळतं, म्हणून जन्मल्यावर तासाभरात चीक पाजा. अशा करडाला पहिली टोचणी तिसऱ्या महिन्याच्या सुमारास आणि दुसरी त्यानंतर तीन आठवड्यांनी. आईला लस नसेल तर इतकं थांबू नका, डॉक्टरांना विचारून आधीच सुरू करा. घरातल्या कॅलेंडरवर दोन्ही तारखा त्याच दिवशी लिहून टाका, कारण चुकते ती नेमकी दुसरी.