पोटभर खाऊनही अंग वाळत असेल तर

जालन्यात एखादी बाई वाळायला लागली की आजूबाजूच्या बायांची दोन-तीन अनुमानं ठरलेली असतात. कुणी म्हणतं टीबी असेल, कुणी म्हणतं शुगर, आणि कुणी हळूच म्हणतं, हिला बाहेरचं काही लागलंय. टीबी आणि शुगर तपासायलाच हवी, त्यात चूक काही नाही. पण त्या दोन्ही तपासण्या बरोबर आल्या आणि बाई तरी वाळतच राहिली, तर गळ्याकडे बघायला हवं. आज त्याबद्दलच बोलू.

एक बाई डोळ्यांपुढे आणा. तिला नाव-गाव नाही, चार-पाच जणींचं दुखणं एकत्र करून मी तिला उभी केलीय. अंबड तालुक्यात राहते, वय बत्तीस, दोन लेकरं, घरी कापूस आणि थोडी मोसंबी. दिवाळीला तिचं वजन ५४ किलो होतं, मार्चमध्ये ४६ भरलं. भूक मात्र वाढलेली. पूर्वी दोन भाकरी खायची, आता तीन खाते, तरी ब्लाऊज ढिले होतात. रात्री आडवी झाली की छातीत धडधड, जणू नुकतीच पळून आली. थंडीतसुद्धा हिला पांघरूण नको वाटायचं. मार्चमध्ये उकाडा सुरू झाला तेव्हा मात्र सगळ्यांनाच घाम येत होता, म्हणून तिच्या घामाकडे कुणी पाहिलं नाही. आपल्याकडचा उन्हाळा या आजाराची निम्मी लक्षणं झाकून टाकतो. शिवाय दिवसातून तीन-चार वेळा शौचाला जाणं, पाळी कमी येणं, केस गळणं, आणि लेकरांवर उगीचच ओरडणं. घरचे म्हणाले, टेन्शन घेते.

दोन गोष्टी घरीच बघता येतात. सकाळी अंथरुणातून उठण्याआधी मनगटाची नाडी पूर्ण एक मिनिट मोजा. निवांत पडलेल्या माणसाची नाडी साधारण ६० ते १०० असते. हिची ११८ होती. दुसरी गोष्ट, दोन्ही हात समोर ताठ धरून बोटं पसरा आणि पंजांवर वहीचा एक कागद ठेवा. कागदाची कड बारीक थरथरली तर ती थरथर डोळ्यांना दिसते. यावरून आजार ठरत नाही, पण डॉक्टरांकडे जाऊन नेमकं काय सांगायचं ते कळतं.

आता आत काय घडतं ते बघू. गळ्यात, घाटीच्या खाली, फुलपाखराच्या आकाराची थायरॉईड ग्रंथी असते. ती तयार करते तो रस, म्हणजे थायरॉईडचं हार्मोन, अंगातली सगळी कामं किती वेगानं चालावीत ते ठरवतो. ग्रंथीवर हुकूम चालतो मेंदूच्या तळाशी असलेल्या एका छोट्या ग्रंथीचा. तिच्या हुकमाला टीएसएच म्हणतात. विहिरीवरची मोटार आणि तिचा स्टार्टर आठवा. टीएसएच म्हणजे स्टार्टरचं बटण दाबणारं बोट. हौद भरला की बोट उचललं जातं.

या आजारात अंगातली संरक्षण करणारी यंत्रणा भलत्याच वाटेला जाते. जंतूंशी लढायला ती जी प्रतिपिंडं बनवते, त्यातली काही थायरॉईडच्या स्टार्टरवरच चिकटून बसतात आणि बटण दाबूनच ठेवतात. मेंदू बघतो की हौद भरून वाहतोय, म्हणून तो आपलं बोट पूर्ण काढून घेतो, पण मोटार थांबत नाही. म्हणूनच रिपोर्टमध्ये टीएसएच अगदी कमी आणि टी-३, टी-४ जास्त येतात. टीएसएच कमी दिसलं की थायरॉईड कमी झाला असं पुष्कळ जणी समजतात. खरं नेमकं उलट असतं. या आजाराला ग्रेव्हज म्हणतात, कारण डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्हज या डॉक्टरांनी १८३५ साली त्याचं वर्णन केलं. बायकांना तो पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त होतो.

तपासणीत एक फसगत होते. टी-४ वाढण्याचं कारण दरवेळी मोटार जोरात चालणं हेच नसतं. कधी ग्रंथीला सूज येऊन साठवलेला रस नुसता झिरपतो, विशेषतः बाळंतपणानंतरच्या वर्षात. ते दुखणं बहुधा आपोआप ओसरतं आणि त्यात मोटार बंद करणारी गोळी उपयोगाची नसते. फरक कळतो प्रतिपिंडांच्या रक्ततपासणीनं किंवा ग्रंथीच्या स्कॅननं. डोळे बाहेर आल्यासारखे, टक लावल्यासारखे दिसत असतील, तर तो ग्रेव्हजकडे बोट दाखवणारा पुरावा. आणखी एक. केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर रक्त देण्याआधी डॉक्टरांना सांगा आणि त्यांच्या सल्ल्यानं दोन-तीन दिवस बंद ठेवा. त्या गोळ्यांमुळे काही मशीनवर रिपोर्ट अगदी ग्रेव्हजसारखा येऊ शकतो.

आपल्या बाईची प्रतिपिंडं वाढलेली निघाली. डॉक्टरांनी दोन गोळ्या दिल्या. पहिली प्रोप्रॅनोलॉल. ती आजारावर काम करत नाही, फक्त धडधड आणि थरथर आवरते, आणि ते काही तासांतच जाणवतं. दम्याच्या माणसाला ती चालत नाही, म्हणून दमा असेल तर आधीच सांगायचं. दुसरी गोळी कार्बिमॅझोल. ती मोटार बंद करते, म्हणजे नवा रस बनू देत नाही. पण हौद भरलेला असतो ना! ग्रंथीत कित्येक आठवड्यांचा रस आधीच साठलेला असतो, तो संपेपर्यंत आराम पडत नाही. त्याला चार ते सहा आठवडे लागतात. इथेच बाया गोळी सोडतात. पंधरा दिवसांनी म्हणतात, गुण नाही, आणि डॉक्टर बदलतात. नवा डॉक्टर पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. हौद मात्र तसाच भरलेला राहतो.

दीड महिन्यानं हिचा टी-४ खाली आला, नाडी ८४ झाली. पण टीएसएच अजून तळालाच. घरचे घाबरले. त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. मेंदूनं काढून घेतलेलं बोट पुन्हा बटणावर यायला कित्येक महिने लागतात, म्हणून सुरुवातीला डोस टी-३ आणि टी-४ बघून ठरवतात. पुढे डोस उतरवत नेतात आणि गोळी साधारण बारा ते अठरा महिने चालते.

आता एक गोष्ट नीट ऐका, आणि घरच्यांनाही सांगा. कार्बिमॅझोलमुळे क्वचित, हजारात दोन ते पाच जणींना, रक्तातल्या पांढऱ्या पेशी अचानक संपतात. मग साधा जंतूही जिवावर उठतो. हे बहुतेक वेळा पहिल्या तीन महिन्यांत होतं. खूण एकच: ताप आणि घसा दुखणं, किंवा तोंडात फोड. आपल्या बाईला नवव्या आठवड्यात तसा ताप आला. पावसाळ्याचे दिवस, गावात सगळ्यांनाच ताप होता, तरी तिनं त्या दिवशी गोळी घेतली नाही आणि त्याच दिवशी सीबीसी करून घेतली. पांढऱ्या पेशी ठीक निघाल्या, ताप व्हायरलचा होता, डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली. दुकानातून नुसती पॅरासिटामॉल आणून दोन दिवस वाट बघायची वेळ ही नव्हे. डोळे पिवळे झाले तरी तसंच करायचं, कारण मग लिव्हर तपासावं लागतं.

उलट बाजूही आहे. ताप वगैरे काही नसताना, बरं वाटतंय म्हणून मनानं गोळी सोडली तर रस पुन्हा उसळतो. नाडी वेडीवाकडी चालायला लागली तर हृदयात गुठळी होऊन लकव्याचा धोका असतो. आणि खूप ताप, प्रचंड धडधड, उलट्या, बरळणं असं एकदम सुरू झालं तर उद्यावर ढकलू नका, सरळ मोठ्या दवाखान्यात न्या.

दीड वर्षानं गोळी बंद केली. साधारण निम्म्या जणींचा आजार परत येतो, आणि गाठ मोठी असेल किंवा प्रतिपिंडं शेवटपर्यंत जास्त असतील तर जास्तच. हिचा सात महिन्यांनी परत आला. तेव्हा तीन वाटा असतात: कमी डोसची गोळी पुढे वर्षानुवर्षं, किरणोत्सारी आयोडीन, किंवा ऑपरेशन.

आयोडीन हे नाव ऐकून बाया दचकतात. मिठातल्या आयोडीनला थायरॉईड ओढून घेते, म्हणून तोंडावाटे दिलेलं किरणोत्सारी आयोडीनसुद्धा मुख्यत्वे तिच्यातच जाऊन बसतं आणि आतून तिच्या पेशी मारतं. कॅप्सूल किंवा घोटभर पाणी, इतकंच. आठ दिवसांत त्याचा जोर निम्मा होतो. मुंबईत परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे, तिथे थायरॉईडवर हे काम चालत आलंय. गुण यायला दीड ते सहा महिने लागतात. गरोदर बाईला ते कधीच देत नाहीत, म्हणून आधी गरोदरपणाची तपासणी करतात. अंगावर पाजणाऱ्या बाईनं आधीच पाजणं थांबवावं लागतं, आणि त्या बाळाला नंतर पुन्हा पाजता येत नाही. निदान सहा महिने दिवस राहू द्यायचे नाहीत. औषध घेतल्यावर ठरलेले दिवस लहान लेकरांना कुशीत घ्यायचं नाही, वेगळं झोपायचं. किती दिवस ते तिथलेच सांगतात. एका खोलीत सहाजण झोपणाऱ्या घरात हे कसं जमवायचं, ते जायच्या आधी ठरवून ठेवा. डोळ्यांचा त्रास चालू असेल तर तो आयोडीननं वाढू शकतो. विडी-सिगारेट ओढत असाल तर आणखीच.

ऑपरेशन तेव्हा बरं, जेव्हा गाठ फार मोठी असते, डोळ्यांचा त्रास असतो, किंवा लवकर मूल हवं असतं. आधी गोळीनं रस आटोक्यात आणतात, तसं केल्याशिवाय टेबलावर घेत नाहीत. आवाजाची नस आणि कॅल्शियम सांभाळणाऱ्या बारक्या ग्रंथी त्याच जागी असतात. ऑपरेशननंतर ओठांना, बोटांना मुंग्या आल्या तर लगेच सांगायचं, कारण कॅल्शियम कमी झालेलं असतं.

आपल्या बाईची नसबंदी झालेली, डोळे ठीक, म्हणून तिनं आयोडीन निवडलं. चार महिन्यांनी तिला सुस्ती आली, अंग जड झालं, थंडी वाजायला लागली. सासूबाई म्हणाल्या, एक रोग गेला, दुसरा लागला. खरं तर ते अपेक्षितच होतं. बहुतेकींची ग्रंथी नंतर काम करत नाही, ऑपरेशननंतरही तसंच, आणि तो रस रोज एका गोळीनं भरून काढतात. थायरॉक्सिनची ती गोळी सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यायची, चहा अर्ध्या तासानं. कॅल्शियम आणि लोहाची गोळी त्यानंतर चार तासांनी.

मूल हवं असलेल्या बहिणींसाठी एक सांगायचं राहिलं. कार्बिमॅझोल चालू असताना पाळी चुकली तर त्याच आठवड्यात तपासून डॉक्टरांना गाठा. पहिल्या दहा आठवड्यांत या गोळीनं बाळात व्यंग येऊ शकतं, म्हणून डॉक्टर ती बंद करतात किंवा दुसरी देतात, पण मनानं सोडायची नाही. आणि आयोडीन किंवा ऑपरेशन होऊन दहा वर्षं झाली असली, तरी बाळंतपणात नर्सताईंना हा जुना आजार सांगाच. प्रतिपिंडं रक्तात राहिलेली असू शकतात, ती वारेतून बाळापर्यंत जातात आणि बाळाची थायरॉईड चाळवतात. तुमचा रिपोर्ट चांगला असतानासुद्धा पोटातल्या बाळाचे ठोके म्हणूनच मोजावे लागतात.