कापलेल्या भाताचे तीन दिवस



कृषी हवामान, कृषी विस्तार आणि शेतीविषयक लेखन या तिन्ही क्षेत्रांतली माणसे आज गोडदेवला एकत्र आली आहेत. अध्यक्ष म्हणून मी सगळ्या विषयाचा आढावा घ्यावा अशी संयोजकांची अपेक्षा असेल. मी तसे करणार नाही. मी फक्त ऑक्टोबरमधल्या तीन दिवसांबद्दल बोलणार आहे. हळवे भात कापून शेतात पसरलेले असते ते हे तीन दिवस. हवामानाचा अंदाज शेतकऱ्याच्या बांधापर्यंत कसा पोहोचतो आणि कुठे अडकतो, ते या तीन दिवसांत जितके स्पष्ट दिसते तितके वर्षभरात दुसरीकडे कुठे दिसत नाही.

गोडदेवमध्ये हे बोलण्याला कारण आहे. आज इमारतींनी भरलेला हा परिसर एकेकाळी भातखाचरांचा आणि मिठागरांचा होता. आता इथल्या नाक्यांवर सकाळी कामाच्या शोधात जे मजूर उभे राहतात, त्यांतल्या कित्येकांची दहा-वीस गुंठे शेती जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडे आहे. भात निघाले की ही माणसे वसई-भाईंदरच्या बांधकामांवर आणि भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर येतात. त्यामुळे भात वेळेत निघणे ही त्यांच्या दृष्टीने धान्याची बाब असते आणि पुढच्या सहा महिन्यांच्या मजुरीचीही.

उत्तर कोकणात वरकस आणि उताराच्या जमिनीवर हळव्या जाती घेतात, कारण तिथे पाणी फार काळ टिकत नाही. कर्जत-३ सारखी जात साधारण ११५ दिवसांत तयार होते, म्हणजे सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला कापणीला येते. मुंबई परिसरातून मान्सून परतण्याची सर्वसाधारण तारीख पूर्वी २९ सप्टेंबर धरत. हवामान खात्याने अलीकडच्या दशकांच्या नोंदी तपासून २०२० मध्ये ती ८ ऑक्टोबर केली. हळवे भात पिकते ते नेमके या दोन तारखांच्या मध्ये. जुन्या हिशेबाने ते पाऊस संपल्यावर कापले जात होते, नव्या हिशेबाने पाऊस असताना कापावे लागते.

कापणीच्या वेळी दाण्यात वीस-बावीस टक्के ओलावा असतो. साठवायचे तर तो चौदा टक्क्यांच्या खाली यावा लागतो. म्हणून कापलेले भात दोन-तीन दिवस शेतातच पसरून ठेवतात, मग भारे बांधतात, उडवी रचतात आणि सवडीने झोडणी करतात. दाणा वाळला की नाही हे जाणती बाई दाताखाली धरून पाहते. तो कटकन तुटला तर वाळला, दबला तर अजून एक ऊन हवे. या काळात भाताला छप्पर नसते. एक जोराची सर आली तर ते पुन्हा वाळवता येते. सलग दोन-तीन दिवस भिजत राहिले तर लोंबीतच कोंब फुटतात आणि पेंढा काळा पडतो. मग माणसाला तांदूळ नाही आणि गुरांना वैरणही नाही. २०१९ च्या ऑक्टोबरअखेरीस अरबी समुद्रात 'क्यार' चक्रीवादळ होते. ते किनाऱ्यावर आले नाही, पण त्याच्या पावसाने कोकणात कापलेले भात खाचरातच सडले.

आता अंदाजाकडे येतो. पुण्यात १९३२ साली डॉ. एल. ए. रामदास यांच्या नेतृत्वाखाली कृषी हवामान विभाग सुरू झाला, तेव्हापासून हा देश शेतीसाठी हवामानाचा अभ्यास करतो आहे. आजच्या 'ग्रामीण कृषी मौसम सेवे'त दर मंगळवारी आणि शुक्रवारी पत्रक निघते. आधी संगणकी प्रारूपे पुढच्या पाच दिवसांचा पाऊस, कमाल आणि किमान तापमान, आर्द्रता, ढग आणि वारा यांचे आकडे देतात. मग प्रादेशिक हवामान केंद्रातले तज्ज्ञ त्यांत दुरुस्ती करतात. ते आकडे कृषी विद्यापीठातल्या केंद्राकडे जातात आणि तिथला माणूस पिकाची अवस्था पाहून सल्ला लिहितो. तो सल्ला एसएमएस, 'मेघदूत' ॲप आणि व्हॉट्सॲपवरून खाली जातो.

या साखळीतले विज्ञान गेल्या वीस वर्षांत खूप पुढे गेले आहे, हे मी मनापासून सांगतो. मे २०२५ पासून प्रारूपाची चौकट बारा किलोमीटरवरून सहा किलोमीटरवर आली. तरी सहा किलोमीटरची चौकट म्हणजे छत्तीस चौरस किलोमीटर. ऑक्टोबरचा पाऊस बहुतेक दुपारनंतरच्या गडगडाटी ढगांचा असतो. तो डोंगराच्या एका अंगाला कोसळतो आणि दुसरे अंग कोरडे ठेवतो. कोणते खाचर भिजेल हे पाच दिवस आधी कोणीही सांगू शकत नाही, पुढेही लवकर सांगू शकणार नाही.

समजा, शुक्रवारच्या पत्रकात असे आले: 'सोमवारी व मंगळवारी तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह हलक्या ते मध्यम पावसाची शक्यता.' हवामान खात्याच्या व्याख्येप्रमाणे 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या क्षेत्रातल्या पंचवीस टक्क्यांपर्यंतच्या केंद्रांवर पाऊस, आणि 'मध्यम' म्हणजे २४ तासांत १५.६ ते ६४.४ मिलिमीटर. शेतकरी मात्र ते वाक्य 'थोडासा पाऊस पडेल' असे वाचतो. पंधरा मिलिमीटरमध्ये भात वरवर भिजते, साठमध्ये खाचरात पाणी उभे राहते. हा फरक त्या वाक्यात गडप होतो. आणि त्याखाली सल्ला असतो: 'कापणी केलेले भात सुरक्षित ठिकाणी हलवावे.'

ही सुरक्षित जागा कुणाकडे आहे? वीस गुंठ्यांचा हिशेब करू. हेक्टरी पस्तीस क्विंटल धरले तर सात क्विंटल भात होते. २०२५-२६ च्या हमीभावाने, म्हणजे २,३६९ रुपयांनी, त्याची किंमत साडेसोळा हजारांच्या आसपास होते. भिजले तर निम्मे गेले असे समजा, म्हणजे आठ हजारांचे नुकसान. आता एका शेतकऱ्याच्या घराला पडवी आहे, ताडपत्री आहे, शेत घराशेजारी आहे. भात हलवायला त्याला दीड हजार रुपये लागतात. पावसाची शक्यता शंभरात एकोणीस असली, तरी त्याने भात हलवणेच शहाणपणाचे, कारण आठ हजारांच्या एकोणीस टक्के म्हणजे दीड हजारच होतात. दुसऱ्याचे शेत टेकडीपलीकडे आहे. चार माणसांची मजुरी, टेम्पो आणि उसनी जागा मिळून त्याला चार हजार लागतात. त्याने शक्यता पन्नास टक्क्यांच्या वर असल्याशिवाय हात लावू नये. अंदाज एकच, पीक एकच, पाऊसही एकच, आणि दोघांचे बरोबर निर्णय परस्परविरुद्ध. आपले पत्रक या दोघांना एकच वाक्य पाठवते आणि त्यात टक्केवारी नसते. म्हणून दुसरा शेतकरी सल्ला 'ऐकत नाही' असा शेरा आपल्या अहवालांत येतो. मला तो शेरा अन्यायाचा वाटतो. त्या माणसाचा हिशेब आपल्यापेक्षा पक्का असतो.

त्याच्याकडे खरे तर आणखी एक मार्ग असतो: कापणी चार दिवस पुढे ढकलणे. त्याला पैसा लागत नाही. दाणे थोडे झडतात, वारा सुटला तर पीक लोळते, पण उभे भात ओल्या जमिनीवर पडलेल्या भातापेक्षा पुष्कळ तग धरते. मात्र हा सल्ला भात उभे असतानाच उपयोगाचा. शनिवारी विळा लागला की तो मार्ग बंद. म्हणजे शुक्रवारचे पत्रक शुक्रवारी संध्याकाळपर्यंत हातात पडले पाहिजे. मंगळवारचे पत्रक येईपर्यंत सोमवारची सर पडून गेलेली असते. मधल्या काळासाठी तीन तासांचा तातडीचा इशारा आहे. मुंबईत कुलाबा आणि वेरावली इथे डॉप्लर रडार आहेत आणि त्यांवरून हे इशारे निघतात. माझ्या मते छोट्या शेतकऱ्याला सगळ्यांत उपयोगी पडू शकेल असा अंदाज हाच. तीन तासांत दोन माणसे वीस गुंठे नाही, तरी पाच-सात गुंठ्यांचे भारे बांधून झाकू शकतात. पण तो इशारा ज्या मोबाइलवर जातो तो मोबाइल भाईंदरच्या नाक्यावर नवऱ्याच्या खिशात असतो आणि शेतात बायको असते. नोंदणीत शेतजमिनीचा मालक असतो, शेतात राबणारी व्यक्ती नसते.

हे दोष कळायला आणि दुरुस्त करायला जिल्ह्यात बसलेला माणूस लागतो. २०१८ नंतर कृषी विज्ञान केंद्रांमध्ये जिल्हा कृषी हवामान केंद्रे सुरू झाली. देशभरात १९९ केंद्रे होती. आपल्या पालघरचे केंद्र डहाणूजवळ कोसबाड टेकडीवर होते. जव्हारला हळवे कापणीला आले आहे आणि डहाणूच्या पट्ट्यात निमगरवे अजून दाणे भरते आहे, हे तिथल्या माणसाला गाडीतून फिरताना दिसायचे. दोन्हींना एकच सल्ला देता येत नाही हे त्याला कुणी शिकवावे लागत नव्हते. २०२४ च्या सुरुवातीला ही केंद्रे बंद झाली. आकडे आता स्वयंचलित यंत्रे पाठवतात आणि पत्रक दुरून तयार होते. पाऊस मोजण्यापुरते ते ठीक आहे. दाणा कटकन तुटतो की दबतो हे यंत्राला कळत नाही, आणि सल्ला तर त्यावरच ठरतो. ही केंद्रे बंद करणे ही चूक होती, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यात विम्याचाही आधार गेला. कापून पसरलेल्या पिकाचे चौदा दिवसांच्या आत अवकाळी पावसाने नुकसान झाले तर ७२ तासांत कळवून भरपाई मागता येत होती. २०२५ च्या खरिपापासून राज्याने विमा योजना पीक कापणी प्रयोगाच्या उत्पन्नावर आणली आणि काढणीनंतरच्या नुकसानीचे संरक्षण काढले. सल्ला चुकला किंवा पाळता आला नाही, तर तो तोटा आता पूर्णपणे त्या वीस गुंठेवाल्याच्या अंगावर पडतो.

इथे बसलेल्या पत्रक लिहिणाऱ्यांना माझी विनंती आहे. येत्या ऑक्टोबरच्या पत्रकात पावसाच्या शक्यतेची टक्केवारी लिहा. हळवे, निमगरवे आणि गरवे यांचे सल्ले वेगळे द्या. ज्याच्याकडे पडवी नाही त्याने काय करावे, याची एक ओळ घाला. शेतात राबणाऱ्या बाईचा मोबाइल नंबर नोंदवून घ्या. आणि शासनाकडे आपण सर्वांनी मिळून मागणी करू: कोसबाडचे आणि राज्यातल्या इतर जिल्ह्यांतली कृषी हवामान केंद्रे पुढच्या खरिपाआधी पुन्हा सुरू करा. त्या मागणीच्या निवेदनावर आज सभा संपायच्या आत तुम्हा प्रत्येकाची सही हवी आहे.