गंमत कुणाची आणि तक्रार कुठे?

(प्रभागसंघाच्या सभेत सामाजिक कृती समितीच्या एका सदस्येने केलेलं भाषण. वाचणाऱ्या सगळ्या जणींसाठी इथे देत आहोत.)

आज मी कर्जाबद्दल बोलणार नाही, परतफेडीबद्दलही नाही. बोलणार आहे आपल्या हसण्याबद्दल. आणि आधीच कबूल करते, जी गोष्ट सांगणार आहे त्यात हसणाऱ्यांमध्ये मीसुद्धा होते.

आमच्या भागातल्या एका गटाचं मसाला कांडप केंद्र आहे. गाव सांगत नाही, नावं सांगत नाही. तिथे एक ताई पाकिटं भरून सील करायचं काम करते. तिला दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं, एका कानाला मशीन लावते. कामाला हात एकदम स्वच्छ. पाकीट कधी तिरकं नाही, वजन कधी कमी नाही.

तिची चेष्टा कशी व्हायची ते नीट ऐका, कारण ही चेष्टा बऱ्याच ठिकाणी होते आणि कुणाला ती चेष्टा वाटतच नाही. समोर उभं राहून नुसते ओठ हलवायचे, आवाज काढायचाच नाही. ती बिचारी मशीनला हात लावून विचारणार, "काय म्हणालीस?" की सगळ्या जणी हसायच्या. कधी पाठीमागून हाक मारायची, तिने वळून पाहिलं नाही की म्हणायचं, "गेली, बॅटरी गेली." मीही एक-दोनदा तिथे होते, मीही हसले. तीही हसायची. म्हणून आम्हाला वाटायचं, तिला चालतंय.

तिला चालत नव्हतं. कळलं कसं? ती "काय?" विचारायची बंद झाली. कुणी काहीही सांगितलं की मान हलवायची, "हो हो". एके दिवशी ऑर्डर 100 ग्रॅमच्या पाकिटांची होती. तिला ऐकू आलं 200. पूर्वी तिने दोनदा विचारून खात्री केली असती. आता विचारलं की हसतात, म्हणून विचारलं नाही. 60 पाकिटं चुकीची भरली गेली, आणि सभेत बोल तिलाच लागला, "ऐकू येत नाही तर काम कशाला घेते?" दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही.

तेव्हा एवढं लक्षात ठेवा. चेष्टा होणारी बाई आपल्यासोबत हसते यावरून काही ठरवू नका. ती विचारायची थांबली का, सभेत बोलायची थांबली का, आधी येऊन कुणाला न भेटता जाते का, हे बघा.

आधी तिला विचारा

मी तिच्या घरी गेले. समोरासमोर बसले, उजेड माझ्या तोंडावर राहील अशी. कानाचं मशीन असलं तरी कांडपाच्या गोंगाटात सगळाच आवाज मोठा होतो, शब्द वेगळे कळत नाहीत. म्हणून ओरडून फायदा नसतो. चेहरा दिसला पाहिजे, आणि एका वेळी एकीनेच बोललं पाहिजे. मी विचारलं, "तुला काय हवंय?" ती म्हणाली, "कुणाला शिक्षा नको. मला काम हवंय, आणि ते ओठांचं थांबायला हवं."

तिच्या संमतीशिवाय तक्रार पुढे नेऊ नका. आपण परस्पर मोठा गाजावाजा केला, तर उद्या त्याच शेडमध्ये तिला एकटीला बसायचं असतं.

वहीत काय लिहायचं

बहुतेक तक्रारी इथेच पडतात. अर्जात लिहिलेलं असतं, "मला त्रास देतात, अपमान करतात." समोरची म्हणते, "गंमत केली हो!" आणि विषय संपतो. म्हणून प्रत्येक प्रसंगाला पाच गोष्टी लिहा: तारीख आणि वेळ, जागा, नेमके शब्द किंवा नेमकी कृती, तिथे कोण कोण होतं, आणि कामावर काय परिणाम झाला.

आम्ही तिच्यासोबत बसून लिहिलं ते असं:

"मंगळवार, सकाळी साधारण 11 वाजता, पॅकिंगच्या टेबलापाशी. आवाज न काढता ओठ हलवले. मी काय म्हणून विचारल्यावर चौघी हसल्या. 'गेली बॅटरी' असे शब्द वापरले. त्यानंतर मी वजन पुन्हा विचारलं नाही. 60 पाकिटं चुकीच्या वजनाची झाली."

"अपमान केला" हा आपला निष्कर्ष झाला. "आवाज न काढता ओठ हलवले" ही घडलेली गोष्ट आहे, ती पाहणारीला साक्ष देता येते. अडखळत बोलणाऱ्या बाईला कुणी वेडावून दाखवत असेल, तर कोणता शब्द कसा तोडून दाखवला ते तसंच लिहा. लंगडत चालणारीच्या मागे चालून नक्कल केली, तर तेही जसंच्या तसं लिहा.

अर्ज कुणाकडे

आमची अडचण अशी, की सगळ्यात जास्त चेष्टा करणारी होती गटाची अध्यक्षा. नियमाप्रमाणे अर्ज तिच्याकडेच जायचा! अशा वेळी अर्ज एक पायरी वर द्यायचा. आम्ही ग्रामसंघाच्या सामाजिक कृती समितीला दिला. दोन प्रती केल्या, एकीवर सही-शिक्का-तारखेची पोच घेतली. ती पोच तिच्या घरी राहिली. तोंडी सांगितलेलं चार दिवसांनी कुणाला आठवत नाही.

अर्जाच्या शेवटी काय हवं ते स्पष्ट लिहिलं: चेष्टा थांबावी, माझं काम चालू राहावं, ऑर्डरचं वजन फळ्यावर लिहावं.

चौकशी भर सभेत नको

पहिली सूचना आली, "सभेत दोघींना उभं करू, मिटवून टाकू." आम्ही नाही म्हटलं. वीस जणींत गलका होतो, कमी ऐकू येणारीला अर्धं कळत नाही, आणि पुन्हा तीच "काय? काय?" करत राहते. म्हणजे चौकशीतच तिची चेष्टा झाली.

दुसऱ्या गटातल्या दोन जणी नेमल्या. त्यांनी सगळ्यांशी वेगवेगळं बोलणं केलं. तिला प्रश्न कागदावर लिहून दिले. तक्रार करणारी अडखळत बोलणारी असेल तर तिचं वाक्य आपण पूर्ण करायचं नाही. ती संपवेपर्यंत थांबायचं, आणि तिला लेखी द्यायचं असेल तर लेखी घ्यायचं.

साक्ष द्यायला आधी कुणी तयार नव्हतं. मग मी माझी साक्ष लिहून दिली, "मी तिथे होते, मी हसले." त्यानंतर आणखी दोघी बोलल्या.

निर्णय 15 दिवसांत झाला. अध्यक्षेने चूक लेखी मान्य केली. तीन महिने पॅकिंगच्या पाळ्या दुसरीने लावायच्या ठरल्या. तक्रार करणारीला दुसऱ्या कामावर हलवायचं नाही, हे ठरावात लिहून घेतलं. "तिला घरून काम देऊ" असंही कुणी सुचवलं होतं. पण जिने सोसलं तिलाच बाहेर काढलं, तर पुढे कोण तक्रार करेल?

गटाबाहेरचं काम असेल तर

सरकारी कार्यालयात किंवा सरकारी संस्थेत काम असेल, तर तिथे दिव्यांगांसाठी तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असायला हवा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये तसं आहे. नोकरीत दिव्यांग म्हणून भेदभाव झाला, तर तक्रार त्याच्याकडे करायची. त्याने ती नोंदवहीत नोंदवून दोन आठवड्यांत चौकशी करायची असते. समाधान झालं नाही तर जिल्हास्तरीय दिव्यांग समितीकडे जाता येतं. खाजगी कारखान्यात, दुकानात, शेतमालाच्या पॅकहाउसमध्ये आधी मालकाला लेखी द्या आणि पोच ठेवा. हक्क डावलले जात असतील तर पुण्यात राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे अर्ज करता येतो.

याच कायद्याचं कलम 92 आहे. दिव्यांग व्यक्तीला कमी लेखायच्या हेतूने, लोकांच्या नजरेसमोरच्या जागी, जाणूनबुजून अपमान केला किंवा धमकावलं, तर सहा महिने ते पाच वर्षं कैद आणि दंड होऊ शकतो. त्यासाठी पोलीस ठाण्यात तक्रार द्यायची. पण यात दोन अटी आहेत, हेतू आणि चारचौघांसमोरची जागा. दोघीच असताना बोललेलं या कलमात बसवणं अवघड जातं. म्हणूनच "कोण कोण होतं" हा वहीतला रकाना महत्त्वाचा.

मारहाण, छळ किंवा पिळवणूक होत असेल तर कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे म्हणजे तहसीलदारांकडे कळवता येतं. तिने स्वतःच कळवायला हवं असं नाही, दुसऱ्या कुणालाही किंवा नोंदणीकृत संस्थेलाही कळवता येतं.

अडखळत बोलण्याबद्दल एक खरी गोष्ट सांगून ठेवते. कायद्याच्या यादीत बोलण्याचं अपंगत्व आहे, पण ते शरीराच्या किंवा मज्जातंतूंच्या कारणाने आलेलं, कायमचं असं. साधं तोतरेपण त्यात सरळ बसत नाही, प्रमाणपत्र मिळेलच असं नाही. म्हणून तिच्यासाठी गटाची नियमावली जास्त कामाची. आम्ही नियमावलीत एक ओळ घातली: "कुणाच्या बोलण्याची, ऐकण्याची, चालण्याची, शरीराची नक्कल किंवा चेष्टा केल्यास लेखी तक्रार घेतली जाईल." त्यात प्रमाणपत्राची अट नाही.

वकील लागला तर तालुका न्यायालयात विधी सेवा समिती असते. बाईला आणि दिव्यांग व्यक्तीला तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. फोन 15100.

शेवटी त्या ताईचं सांगते. ती कामावर आली. फळ्यावर आता रोज ऑर्डरचं वजन लिहिलेलं असतं, आणि त्याचा उपयोग सगळ्यांनाच होतो. अध्यक्षेशी तिचं अजून कामापुरतंच बोलणं आहे, जेवायला ती वेगळी बसते. सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. पण परवा मी गेले तेव्हा कुणीतरी घाईत काहीतरी बोललं, आणि तिने मान हलवली नाही. हातातलं पाकीट खाली ठेवून विचारलं, "काय म्हणालीस? परत सांग."

आणि कुणी हसलं नाही.