अनपेक्षित प्रश्न आणि पहिली दहा सेकंदं



केंद्रीय लोकसेवा आयोगाची मुलाखत दिल्लीत शहाजहान रोडवरच्या धोलपूर हाऊसमध्ये होते. समोर अध्यक्ष आणि बहुधा चार सदस्य असतात, वेळ साधारण अर्ध्या तासाचा आणि गुण २७५. उमेदवाराने भरलेला सविस्तर अर्ज, ज्याला मुलं ‘डॅफ’ म्हणतात, तो सदस्यांच्या पुढ्यात असतो. त्यात गाव, तालुका, पदवी, छंद, आधीची नोकरी असं सगळं असतं. त्यातून निघणाऱ्या प्रश्नांची तयारी प्रत्येकजण करून येतो. आज मला बोलायचंय ते या तयारीला वळसा घालून येणाऱ्या प्रश्नाबद्दल. मुलाखतीचा सराव घेताना मी सर्वांत जास्त मुलं अडखळताना पाहतो ती इथेच, आणि त्यांची हुशारी पाहता मला त्याचं फार वाईट वाटतं.

एकच प्रश्न घेऊ आणि तो शेवटपर्यंत नेऊ. जुन्नर तालुक्यात ओतूरकडची एक मुलगी सराव मुलाखतीला बसली होती. जुन्नर म्हटलं की बिबट्या निघणारच, म्हणून ती नीट अभ्यास करून आली होती. उसातले बिबटे, पिंजरे, माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र, नुकसानभरपाईचे नियम, सगळं तोंडपाठ. पॅनेलवरच्या एका निवृत्त वनाधिकाऱ्यांनी तिला विचारलं, “जुन्नरमध्ये बिबटे किती असायला हवेत?”

प्रश्न संपायच्या आत ती सुरू झाली. कुकडी प्रकल्पाची धरणं, त्यामुळे वाढलेला ऊस, उसात मिळणारा आडोसा, कुत्री आणि शेळ्यांचं आयतं भक्ष्य, पिंजरे. जवळजवळ तीन मिनिटं ती बोलली आणि त्यातलं एकही वाक्य चुकीचं नव्हतं. पण ‘किती’ला उत्तर आलं नाही. सदस्यांनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न दुसऱ्याच विषयावर गेला. उत्तर फसलं हे ओळखायची ही एक बऱ्यापैकी खात्रीची खूण आहे. रस वाटलेल्या उत्तरावर उपप्रश्न येतो.

तिचं नेमकं काय झालं? ‘जुन्नर’ आणि ‘बिबटे’ हे दोन शब्द ओळखीचे निघाले, आणि तिने त्या शब्दांवर तयार असलेलं उत्तर दिलं. समोरचा माणूस मात्र ‘असायला हवेत’ असं म्हणाला होता. प्रश्नाचा सगळा कस त्या दोन शब्दांत होता आणि तेच निसटले.

म्हणून पहिली गोष्ट, थांबायचं. किती थांबायचं, हे मुलं फार विचारतात. चार-पाच सेकंदांची शांतता खुर्चीत बसलेल्याला फार लांब वाटते, समोरच्यांना ती जाणवतही नाही. हवं तर घड्याळ लावून घरी पाहा. त्याहून जास्त वेळ लागणार असेल तर सरळ मागावा: “सर, यावर थोडा विचार करून बोलू का?” ‘हो’ म्हणतातच. मग दहा-पंधरा सेकंद हक्काची. पण हे अर्ध्या तासात एकदा, फार तर दोनदा. आणि “फारच चांगला प्रश्न विचारलात सर” हे वाक्य टाळा. त्याने वेळ मिळत नाही, कारण ते बोलण्यातच तुमचं लक्ष जातं, आणि समोर बसलेल्यांनी ते सकाळपासून अनेकदा ऐकलेलं असतं.

इथे एक फरक फार महत्त्वाचा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा कोणत्या सालचा, असा प्रश्न आला तर वेळ मागून उपयोग नाही. १९७२ हे आठवत असेल तर लगेच सांगा, नसेल तर “माहीत नाही” म्हणा. आठवणीच्या प्रश्नावर घेतलेला वेळ तुमच्या विरोधात जातो. वेळ मागायचा तो विचाराच्या प्रश्नावर.

या दहा सेकंदांत करायचं काय? उत्तर शोधायचं नाही. उत्तर शोधायला गेलात की पुन्हा तोंडपाठ मजकूरच हाताला लागतो. शोधायचं ते प्रश्नातलं अडलेलं ठिकाण. इथे ते ‘असायला हवेत’ हे आहे. कुणाच्या हिशेबाने? जमीन, आडोसा आणि भक्ष्य किती बिबटे पोसू शकेल, हा एक हिशेब. तिथे राहणारी माणसं किती बिबटे सहन करतील, हा दुसरा. दोन्हींची उत्तरं वेगळी येतात, आणि प्रश्न अवघड झाला तो त्यामुळेच.

हे सापडलं की दुसरी पायरी आपोआप तयार होते, खुलासा मागण्याची. “प्रश्न पुन्हा सांगाल का?” हा खुलासा नव्हे. नीट ऐकू आलं नसेल तरच तो विचारावा. खरा खुलासा असा: “सर, तो परिसर किती बिबटे पोसू शकेल असं आपण विचारताय, की लोकांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने किती असावेत असं?” यात तुम्ही दोन अर्थ समोर ठेवलेत. सदस्याला एका शब्दात निवडता येतं आणि तुम्हाला प्रश्न कळलाय हेही दिसतं. असा खुलासा एकदाच मागावा. एकामागून एक विचारत गेलात की तुम्हीच त्यांची मुलाखत घेताय असं होतं.

यातही एक खोट शिरते. काही मुलं दोन अर्थांपैकी आपल्याला येणारा अर्थ पुढे करतात आणि दुसरा लपवतात. “म्हणजे सर, आपण नुकसानभरपाईबद्दल विचारताय ना?” हे लगेच पकडलं जातं. समोर आयुष्यभर प्रशासन किंवा अध्यापन केलेली माणसं बसलेली असतात.

अनेकदा खुलाशाला “तुम्हीच ठरवा” असं उत्तर येतं, त्याने घाबरायचं नाही. आता गृहीत धरण्याची मुभा मिळाली. ते उघड सांगायचं: “मग मी लोकांची सुरक्षितता मुख्य धरून उत्तर देते.”

तिसरी पायरी उत्तराच्या बांधणीची. मुलाखतीतलं उत्तर कुठेही तोडलं जातं, हे धरून चाला. कुणीतरी मध्येच बोलतं, अध्यक्ष घड्याळ बघतात. म्हणून ज्या क्षणी तुम्हाला थांबवलं जाईल त्या क्षणापर्यंतचं उत्तर पुरं वाटलं पाहिजे. लेखी पेपरात आपण प्रस्तावना, मुद्दे, निष्कर्ष असं लिहितो. इथे ते उलटं करायचं. निष्कर्ष पहिल्या वाक्यात, मग आधार, मग मर्यादा.

त्या मुलीबरोबर बसून आम्ही जे उत्तर बांधलं ते असं होतं:

“सर, एक आकडा ठरवून तो गाठणं मला योग्य वाटत नाही. संख्येपेक्षा हल्ले किती होतात, हे माप मी धरेन. त्याची दोन कारणं आहेत. पहिलं, शेजारच्या अकोले भागात डॉ. विद्या अत्रेय यांच्या अभ्यासात शेतीच्या, दाट वस्तीच्या प्रदेशात शंभर चौरस किलोमीटरला साधारण पाच बिबटे आढळले, म्हणजे माणसांच्या इतक्या जवळही ते राहतात. दुसरं, संख्या कमी करायला बिबटे पकडून दुसरीकडे सोडले तर धोका टळतोच असं नाही. जुन्नर भागातच असं स्थलांतर झालं, तेव्हा माणसांवरचे हल्ले वाढल्याचं त्यांच्याच अभ्यासात दिसलं. म्हणून मी ऊसतोडणीच्या काळातली खबरदारी, शेळ्यांसाठी बंदिस्त गोठे आणि शेतीपंपांना दिवसा वीज यांवर भर देईन. मात्र अकोल्याची घनता जुन्नरला तशीच लागू होईल, असं मी म्हणणार नाही.”

घड्याळ लावून हे मिनिटभरात बसतं. पहिल्या दोन वाक्यांनंतर तोडलं तरी उत्तर मिळालेलं आहे. “दोन कारणं” असं सांगितल्यामुळे ऐकणाऱ्याला वाट दिसते आणि बोलणाऱ्याला आवर बसतो. तीन-चार कारणं सांगतो म्हणणारा चौथं विसरतो, म्हणून मी दोनवरच थांबायला सांगतो. शेवटच्या वाक्यातली मर्यादा ती मुलगी सुरुवातीला घालायला तयार नव्हती. कमकुवत वाटेल, अशी तिला भीती होती. पण ती मर्यादा सदस्याने दाखवण्याआधी तुम्ही दाखवलीत, तर त्याला पुढचा प्रश्न अधिक खोलातला विचारावा लागतो.

पुढच्या सरावात तिने हे उत्तर दिलं, तेव्हा तसा तो आलाच. वनाधिकारी म्हणाले, “म्हणजे आणखी दोन-चार लेकरं गेली तरी चालतील?”

या प्रश्नात राग आहे, आणि तो खोटा नाही. त्या भागातल्या आयांचा तो राग आहे. इथे खुलासा मागणं कठोरपणाचं ठरेल आणि वेळ मागणंही बरं दिसणार नाही. एक श्वास घेण्याइतकं थांबून आधी थेट उत्तर द्यावं लागतं: “नाही सर, एकही चालणार नाही.” मग पुढे: “जो बिबट्या माणसांना धोकादायक ठरला आहे त्याच्या बाबतीत वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ११ मध्ये मुख्य वन्यजीव रक्षकांना अधिकार आहेत. पकडणं, बेशुद्ध करणं किंवा हलवणं शक्यच नसेल तर मारण्याची परवानगीही ते देऊ शकतात. त्या एका प्राण्याबद्दलचा निर्णय तातडीने व्हावा. मी आधी बोलले ते उरलेल्या बिबट्यांबद्दल.” पद्धत तीच, फक्त आखडलेली. प्रश्नातला कळीचा शब्द ‘चालतील’ हा होता आणि त्याला पहिल्याच वाक्यात उत्तर मिळालं.

मराठीतून मुलाखत देणाऱ्यांसाठी थोडं वेगळं सांगतो. तिथे दुभाषी असतो. प्रश्न बहुतेकांना थेट कळतो, त्यामुळे दुभाषी तो मराठीत सांगत असताना तेवढा वेळ विचाराला मिळतो. पण तुमचं उत्तर त्याच्या तोंडून सदस्यांपर्यंत जाणार असतं. लांबलचक, पोटवाक्यांनी भरलेलं वाक्य तिथे मोडून पडतं. आधी निष्कर्ष आणि मग छोटी वाक्यं, हा नियम मराठीतून बोलणाऱ्याला दुपटीने लागू होतो.

आता सरावाबद्दल. अवघड प्रश्नांची यादी पाठ करून हे येत नाही, कारण यादीतला प्रश्न अनपेक्षित राहत नाही. घरात कुणालाही तुमच्या अर्जातला एक शब्द द्या आणि त्यावर ‘असावं का’, ‘किती असावं’, ‘कुणी ठरवावं’ असा प्रश्न करायला सांगा. विषयाचं ज्ञान त्यांना नसलेलंच बरं, कारण न जाणणारा माणूस खरा आडवा प्रश्न विचारतो. त्या मुलीला तिच्या आजीने विचारलं होतं, “गावात दूध डेअऱ्या किती असाव्यात?” बिबट्याच्या प्रश्नाचा सांगाडाच तो, फक्त विषय वेगळा, आणि त्यावर ती पुन्हा घसरली. फॅट, एसएनएफ, खरेदीदर सगळं आलं. दूध घालणाऱ्याच्या सोयीने किती की डेअरीला परवडण्याच्या दृष्टीने किती, हे विचारायचं राहिलं.

उत्तर फोनवर ध्वनिमुद्रित करा आणि ऐकताना मजकुराकडे लक्ष देऊ नका. दोनच नोंदी करा. प्रश्न संपल्यापासून तुमचा पहिला शब्द किती सेकंदांनी आला, आणि प्रश्नाला खरोखर उत्तर देणारं पहिलं वाक्य किती सेकंदांनी आलं. सुरुवातीला पहिला आकडा शून्याजवळ असतो आणि दुसरा मिनिटापलीकडे. सराव नीट चालला असेल तर पहिला थोडा वाढतो आणि दुसरा झपाट्याने खाली येतो. त्या मुलीच्या वहीत हे दोन रकाने तारखेवार मांडलेले होते. पुढे मी तिला फक्त तेवढीच वही दाखवायला सांगत असे.