सौद्याचा कागद आणि दिलेला शब्द

सौदा पक्का झाला, इसाराची रक्कम जमा झाली आणि विक्री करणाऱ्या गृहस्थाने मागणीपत्र कारखान्याच्या दप्तरी दाखल केले, की त्याचे काम संपले व पुढचे कारखान्याने पाहावे, अशी समजूत आपल्या यंत्रव्यवसायात रूढ आहे. आणि पुढे उद्भवणाऱ्या पुष्कळ तंट्यांचे मूळ मला या समजुतीतच दिसते. मागणीपत्रात मालाचे वर्णन, दर व मुदत असते. परंतु ज्या बोलण्यावर विसंबून गिऱ्हाइकाने सही केली ते बोलणे, आणि ते बोलणे ज्या गृहीतांवर उभे होते ती गृहीते, त्यात क्वचितच उतरतात.

कृष्णाकाठच्या काही शेतकऱ्यांनी मिळून काढलेल्या एखाद्या उपसा योजनेची कल्पना करा. पाणी नदीपासून 30 मीटर उंच चढवायचे आहे, पाइपलाइन 900 मीटर लांब आहे आणि विजेचा मंजूर भार 20 अश्वशक्तीचा आहे. विक्रेता हिशेब मांडून सांगतो, की एवढ्या मोटरीवर सेकंदाला 30 लिटर पाणी मळ्यात पडेल. हा शब्द खोटा नाही. मात्र तो देताना पाइप 200 मिलिमीटर व्यासाचा असेल असे त्याने धरले आहे. त्या पाइपात घर्षणापायी सुमारे 4 मीटर हेड खर्ची पडते, म्हणून पंपाला एकंदर 34 मीटर हेड पुरते. पाइप शेतकरी स्वतः खरेदी करणार असल्यामुळे, म्हणजे तो आपल्या मालात मोडत नसल्यामुळे, मागणीपत्रावर पंप, मोटर, 34 मीटर आणि 30 लिटर एवढेच लिहिले जाते.

कारखाना त्या कागदाबरहुकूम बिनचूक पंप घडवतो. इकडे शेतकरी काटकसर म्हणून 150 मिलिमीटरचा पाइप पुरतात. त्यातून तेवढेच पाणी न्यायचे तर घर्षणाचा खर्च 4 मीटरवरून सतरा-अठरा मीटरवर जातो. पंपाला ते साधत नाही आणि पाणी 30 लिटरऐवजी पंपाच्या घडणीनुसार वीस-बावीस लिटरच्या आसपास पडते. मोठी मोटर बसवावी तर मंजूर भार आडवा येतो, पाइप बदलावा तर तो जमिनीखाली गेलेला असतो. कारखान्याने कागद पाळला, विक्रेत्याने हिशेब बरोबर केला, शेतकऱ्यांनी तर कोणतीच अट मोडली नाही, कारण पाइपाच्या व्यासावर आपले पाणी अवलंबून आहे हे त्यांना कोणी बजावलेच नव्हते. तरीही ऊस तहानलेला राहतो.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे, की मागणीपत्रासोबत विक्रेत्याने स्वहस्ते एक पान लिहून द्यावे, आणि त्यात प्रत्येक वचनाशेजारी ते कशाच्या आधारावर दिले व तो आधार कोणी सांभाळायचा, हे नमूद करावे. 30 लिटर पाणी: आधार 200 मिलिमीटरचा पाइप, जबाबदारी शेतकऱ्यांची, पाइप खरेदीपूर्वी त्यांना लेखी कळवायचे. सुरू उसाच्या लागणीपूर्वी पंप चालू: आधार काँक्रीटचा पाया वेळेवर होणे, तो भरून पाणी मारून पक्का होण्यास काही आठवडे लागतात, म्हणून पायाचा नकाशा पंप तयार होण्याची वाट न पाहता आधीच गावी रवाना करायचा. पान एकच असावे. दहा पानांचे टिपण कोणी वाचत नाही.

हे पान टपालाने पाठवून भागत नाही. कारखान्याचा अभियंता आणि उभारणीस जाणारा फिटर यांच्यासमोर ते विक्रेत्याने वाचावे, आणि आपल्याला काय करावयाचे आहे ते त्या दोघांनी आपल्या शब्दांत परत सांगावे. गैरसमज नेमका तेथे उघडा पडतो. एखादे वचन पाळता येण्यासारखे नसेल तर ते तेथल्या तेथे नाकारण्याचा अधिकार अभियंत्याला असला पाहिजे, आणि ती अप्रिय वार्ता गिऱ्हाइकाच्या कानी घालण्यास, पंपाचे काम सुरू होण्यापूर्वी, ज्याने शब्द दिला त्यानेच जावे. मग तिघांनी मिळून तेच पान शेतकऱ्यांच्या बैठकीत वाचून दाखवावे. सौद्याच्या वेळी मान डोलावणारा एखादा वृद्ध शेतकरी अशा वेळी हटकून विचारतो, "पण साहेब, पाइप तर आम्ही दीडशेचा ठरवलाय!" हा प्रश्न पाइप पुरण्याआधी निघाला, यासाठी ती सारी खटपट.

हस्तांतर कच्चे राहिल्याची एक खूण फार लवकर दिसते. पाणी किती उंच न्यायचे, वीज किती मंजूर आहे, हे फिटर गावात येऊन पुन्हा विचारू लागला, की बोलणी करणाऱ्याने पुढच्या माणसाला काही सांगितलेले नाही हे शेतकरी तत्काळ ओळखतात. अशी तक्रार कानी येताच व्यवस्थापकाने उभारणी थांबवून ते पान मागवावे.

चाचणीच्या दिवशी विक्रेत्याने जातीने हजर राहावे. मळ्यातील हौद किती लिटरचा आहे हे मापून, तो भरण्यास लागणारी सेकंदे घड्याळावर मोजून पाणी किती पडले ते त्या पानाच्या तळाशी लिहावे, आणि त्याखाली शेतकऱ्यांची, फिटरची व विक्रेत्याची सही व्हावी. त्यानंतरच त्या सौद्याचे दप्तर बंद करावे.