तुतीचा पाला, संगोपनगृह आणि पस्तीस दिवसांचे वेळापत्रक

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व विस्तार कर्मचारी यांच्या शिबिरात दिलेले भाषण)



रेशीम शेतीविषयी चौकशी करणारा शेतकरी पहिला प्रश्न कोषाच्या भावाचा विचारतो. माझा अनुभव असा की, त्याने पहिला प्रश्न तारखांचा विचारावयास हवा. पाला कोणत्या दिवशी किती दिवसांचा असेल, कीटक कोणत्या दिवशी घरी येतील आणि संगोपनगृह मध्ये किती दिवस मोकळे राहील, या तीन गोष्टी जुळल्या तर पीक सहसा हाती येते. त्या जुळल्या नाहीत तर भाव कितीही चांगला असला तरी विकावयास कोष उरत नाहीत. म्हणून आज एक एकर बागायत तुती असलेल्या शेतकऱ्याचे उदाहरण घेऊन हे वेळापत्रक मी आपल्यापुढे मांडणार आहे.

या शेतकऱ्याने आपल्या एकराचे अर्धा-अर्धा एकराचे दोन भाग करावेत. तुतीची छाटणी झाल्यावर सुमारे ५० दिवसांनी फांद्या कीटकांना घालण्याजोग्या होतात. संपूर्ण एकराची छाटणी एकाच वेळी केली तर पाला एकदम तयार होतो. निम्मा उपयोगी पडतो आणि निम्मा जरठ होऊन वाया जातो. आता तारखा पाहू. पहिल्या भागाची छाटणी १६ जूनला आणि दुसऱ्या भागाची २१ जुलैला केली. पहिला भाग ५ ऑगस्टला ५० दिवसांचा होतो. त्या दिवशी १०० अंडीपुंजांचे बाल्यकीटक चॉकी केंद्रातून आणावयाचे.

अंड्यातून बाहेर पडल्यापासून दुसरी कात टाकेपर्यंतच्या बाल्यावस्थेत कीटकांना कोवळा पाला, २७ ते २८ अंश सेल्सिअस उष्णता आणि भरपूर आर्द्रता लागते. घरोघरी हे साधणे कठीण असल्यामुळे ते काम चॉकी केंद्राकडे सोपवावे. घरी आल्यावर तिसरी अवस्था साधारण चार दिवस चालते. चौथी अवस्था पुढील कातेसह पाच-सहा दिवस घेते. १५ ऑगस्टच्या सुमारास पाचवी अवस्था सुरू होते आणि ती सात ते आठ दिवस टिकते. कीटक आयुष्यात जेवढा पाला खातो त्याच्या सुमारे ८५ टक्के पाला तो या एका आठवड्यात खातो. पाला कमी पडला तर तो इथेच पडतो, आणि अर्धपोटी कीटकाचा कोष पातळ होतो. म्हणून पहिल्या पिकाला १०० अंडीपुंजांहून अधिकाचा मोह धरू नये.

२३ ऑगस्टला कीटक खाणे सोडतात, त्यांचे अंग पिवळसर व पारदर्शक दिसू लागते आणि ते डोके उचलून आधार शोधतात. तेव्हा त्यांच्यावर चंद्रिका ठेवाव्यात. दोन-तीन दिवसांत कोष विणून होतो. पण आतील कीटकाचा कोषावस्थेतील बदल पूर्ण होऊन त्याची त्वचा तपकिरी व टणक व्हावी लागते. सहाव्या-सातव्या दिवशी एक-दोन कोष कापून हे पाहावे आणि मगच काढणी करावी. घाई केली तर मऊ कीटक आतच फुटून कोष डागाळतो. उशीर झाला तर पतंग कोष फोडून बाहेर येतो आणि त्या कोषाचा सलग धागा निघत नाही.

कोष २९ किंवा ३० ऑगस्टला निघाले. दुसऱ्या भागातील तुती ९ सप्टेंबरला ५० दिवसांची होईल. मधले नऊ-दहा दिवस काही शेतकऱ्यांना वाया गेल्यासारखे वाटतात. वस्तुतः पुढचे पीक या दिवसांतच वाचते किंवा बुडते. एका गावात मी पाहिले आहे की, पाला तयार आहे म्हणून कोष काढल्याच्या तिसऱ्या दिवशी नवे कीटक आणले गेले. चौथ्या कातेनंतर कीटकांचे सांधे सुजले, अंग पिवळसर व चमकदार झाले, ते बैठकीच्या कडेने भटकू लागले आणि त्वचा फाटून दुधासारखा द्रव गळू लागला. ही ग्रासरी रोगाची खूण होय. मागील पिकातील रोगजंतू रॅकवर, भिंतीवर व जमिनीवर राहिले होते. या रोगावर पिकाच्या मध्यावर औषध नाही.

म्हणून काढणी होताच रोगट कीटक व पातळ कोष जाळून टाकावेत, उरलेला काडीकचरा संगोपनगृहापासून दूर खतखड्ड्यात न्यावा आणि सर्व घर धुवावे. नंतर १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम ब्लीचिंग पावडर व ३० ग्रॅम विरलेला चुना मिसळून रॅक, भिंती, छत व जमीन ओली होईपर्यंत फवारावी. नवे कीटक येण्याच्या तीन दिवस आधी हीच फवारणी पुन्हा करावी. पावडर उघडी राहिलेली असेल तर तिचा गुण गेलेला असतो, हे ध्यानात ठेवावे.

संगोपनगृह राहत्या घरापासून वेगळे असावे. ५० फूट लांब व २० फूट रुंद जागेत ५ फूट रुंदीच्या रॅकच्या दोन ओळी बसतात व चालावयास वाट राहते. कप्प्यांमध्ये दोन फुटांचे अंतर ठेवावे. पाचव्या अवस्थेत १०० अंडीपुंजांना सुमारे ७०० चौरस फूट बैठक लागते. दाटी झाली की उष्णता व ओल वाढते आणि रोग पसरतो. समोरासमोर खिडक्या असाव्यात व त्यांना नायलॉनची जाळी असावी. नाहीतर उझी माशी कीटकाच्या अंगावर अंडी घालते. प्रौढ कीटकांना २४ ते २६ अंश उष्णता मानवते. मराठवाड्यासारख्या भागात एप्रिल-मे महिन्यांत ओली गोणपाटे लावूनही ती राखता येत नसेल, तर ते पीक सोडलेले बरे.

आणखी एक धोका बांधापलीकडून येतो. शेजारच्या कापसावर कीटकनाशक फवारले की ते वाऱ्याबरोबर तुतीवर पडते. असा पाला खाल्लेले कीटक मान वर करून हिरवट द्रव ओकतात, आक्रसतात व काही तासांत मरतात. शंका आल्यास तो पाला वीस-पंचवीस कीटकांना वेगळा घालून दिवसभर पाहावे. फवारणीचा दिवस शेजाऱ्याने आधी कळवावा, एवढी व्यवस्था ग्रामपंचायत निश्चित करू शकते.

आता बाजार. पूर्वी आपल्या शेतकऱ्याला कोष घेऊन कर्नाटकातील रामनगरला जावे लागे. २०१८ साली जालना येथे कोषांची बाजारपेठ सुरू झाल्यावर मराठवाड्यातील शेतकऱ्याची ही दगदग कमी झाली. बाजारात खरेदीदार कोष हाताने दाबून, हलवून व कापून पाहतो. त्याला कोषाच्या वजनापेक्षा कवच किती आहे यात रस असतो. हे घरीही तपासता येते. दहा कोषांचे वजन १८ ग्रॅम भरले आणि आतील कीटक काढल्यावर कवचाचे वजन ३.८ ग्रॅम भरले, तर कवचाचे प्रमाण सुमारे २१ टक्के झाले. दुबार संकरित जातीचा हा चांगला माल होय. तेच १७ टक्के निघाले तर पाचव्या अवस्थेत पाला कमी पडला किंवा जरठ पाला घातला गेला, असे बहुधा समजावे.

समजा, आपल्या शेतकऱ्याला ६२ किलो कोष मिळाले आणि त्यांत ४ किलो डागाळलेले, दुहेरी व पातळ आहेत. सर्व एकत्र नेले आणि त्यामुळे किलोमागे ४० रुपये भाव कमी मिळाला, तर नुकसान २,४८० रुपयांचे होते. निवडीस घरातील दोन माणसांना एक सकाळ लागते. निवडलेले कोष सैल भरलेल्या जाळीदार पिशव्यांतून, उन्हाची वेळ टाळून न्यावेत. घट्ट पोत्यात ते तापतात आणि ओलावतात.

पहिला भाग २५ ऑगस्टला पुन्हा छाटून घेतला की १४ ऑक्टोबरला तो ५० दिवसांचा होतो आणि चक्र पुढे चालू राहते. हे वेळापत्रक शेतकऱ्याने संगोपनगृहाच्या दारावर लावावे. आपण भेटीस जाल तेव्हा प्रथम तेच वाचा, आणि मागचे कोष कोणत्या तारखेस निघाले हे विचारा. पुढील पिकाचा अंदाज आपणांस तेथेच येईल.